आकडा नसलेल्या कामाचा बायोडाटा : किती, किती वेळा आणि त्यातून काय झालं?



उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन बायोडाटा माझ्याकडे 'जरा बघून द्या' म्हणून आले. पहिला एका शाळेच्या कार्यालयात सहा वर्षं लिपिक म्हणून काम केलेल्या ताईंचा. त्यांना एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अर्ज करायचा होता. दुसरा माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या आईचा. सासूबाईंच्या आजारपणात त्यांनी साडेतीन वर्षं घरी राहून सेवा केली होती आणि आता एका वृद्धाश्रमात काळजीवाहक म्हणून काम मिळतंय का, ते त्या पाहत होत्या.

पहिल्या बायोडाटात अनुभवाच्या रकान्यात एवढंच होतं : 'शाळेतील सर्व कार्यालयीन कामे पाहिली. ऑनलाइन कामे केली. पालकांशी सुसंवाद साधला.' दुसऱ्यात त्या साडेतीन वर्षांपुढे एकच शब्द होता : 'गृहिणी'.

दोघींनाही मी विचारलं, "एवढंच केलंत?" ताई म्हणाल्या, "सर, विक्रीवाल्यांचं बरं असतं, इतक्या लाखांचा माल विकला म्हणून लिहितात. आमच्या कामात आकडा कुठे असतो?" त्या माउली तर म्हणाल्या, "घरचंच काम ते. त्याचं काय लिहायचं?"

आजचा पाठ या दोन प्रश्नांवर आहे. दहावी-बारावीच्या मुलांना अर्जलेखन शिकवताना तो उपयोगी पडेल, आणि घरातल्या कुणाचा बायोडाटा करायचा असेल तर त्यालाही.

'सर्व कामे पाहिली' या वाक्यात काय कमी आहे?

एक सोपी कसोटी आहे. बायोडाटावरचं नाव हाताने झाका आणि ओळ वाचा. ती ओळ त्याच पदावरच्या दुसऱ्या कुणाच्याही बायोडाटात तशीच्या तशी चालली असती का? 'सर्व कार्यालयीन कामे पाहिली' हे साठ मुलांच्या शाळेतला लिपिकही लिहील आणि सहाशे मुलांच्या शाळेतलाही. मन लावून काम केलेला लिहील आणि दिवस ढकललेलाही लिहील. वाचणाऱ्याला त्यात फरक करता येत नाही, म्हणून तो ती ओळ सोडून पुढे जातो.

अशा कामांची आणखी एक अडचण आहे. ती नीट झाली की दिसत नाहीत. दाखला वेळेवर मिळाला तर पालक तो घेऊन निघून जातो; मिळाला नाही तरच कार्यालयाची आठवण निघते. अंथरुणावरच्या माणसाला जखम झाली नाही, तर 'झाली नाही' म्हणून कुणी नोंद ठेवत नाही. म्हणून काम करणाऱ्यालाही वाटतं, आपण काही विशेष केलं नाही.

यावर उपाय म्हणजे स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. किती? म्हणजे कामाचा पसारा : किती माणसं, किती कागद, किती जबाबदारी. किती वेळा? रोज, आठवड्याला, दरवर्षी. आणि त्यातून काय झालं? म्हणजे आधी कसं होतं, नंतर कसं झालं, किंवा कोणती गोष्ट घडू दिली नाही. तिन्ही उत्तरं प्रत्येक ओळीत यायलाच हवीत असं नाही. पण एकही नसेल, तर ती ओळ नाव झाकण्याच्या कसोटीत नापास होते.

पहिला बायोडाटा : उत्तरं नोंदवहीतच होती

ताई म्हणत होत्या, आकडे नाहीत. मी विचारलं, "बोनाफाईडची नोंदवही ठेवता ना? वर्षाच्या शेवटी अनुक्रमांक कितीवर जातो?" त्या क्षणभर थांबल्या आणि हसल्या. शाळेचं कार्यालय म्हणजे अनुक्रमांकांचंच घर. आवक-जावक, बोनाफाईड, शाळा सोडल्याचे दाखले, जनरल रजिस्टर, सगळीकडे क्रमांक असतो. दरवर्षी एकपासून सुरू होणाऱ्या नोंदवहीतला शेवटचा क्रमांक हीच त्या वर्षाची मोजणी.

मुख्याध्यापकांना विचारून ताईंनी मागच्या वर्षांच्या नोंदवह्या पाहिल्या. बोनाफाईडचा शेवटचा क्रमांक एका वर्षी ३६२ होता, त्याआधीच्या वर्षी ३४१. मग 'दरवर्षी सुमारे ३५०' लिहायला हरकत नाही. शाळा सोडल्याचे दाखले १४० च्या आसपास. हे झालं 'किती'.

इथे एक चूक होता होता राहिली. ताईंनी आधी घरी बसून अंदाजाने हिशेब केला होता : "जूनमध्ये साधारण शंभर बोनाफाईड दिले, म्हणजे वर्षाला बाराशे." पण जून हा प्रवेशाचा महिना. जानेवारीत पंधरा-वीससुद्धा होत नाहीत. गर्दीच्या महिन्याला बाराने गुणलं की आकडा तिप्पट-चौपट फुगतो, आणि कार्यालयात काम केलेल्या माणसाला तो पाहताक्षणी खोटा वाटतो. वर्षभर सारखं नसणारं काम असेल, तर पूर्ण वर्षाची मोजणी घ्या. ती नसेल तर 'जून-जुलैमध्ये महिन्याला सुमारे शंभर' असं महिन्यांसकट लिहा.

नोंदवही नसलेल्या कामांचं काय? खिडकीवर रोज किती पालक येतात, हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्यासाठी एक आठवडा टेबलावर कागद ठेवून उभ्या रेघा मारायच्या, पाच झाल्या की गठ्ठा. आठवड्याच्या शेवटी बेरीज. पण हा आठवडा साधा निवडायचा, निकालाचा किंवा प्रवेशाचा नाही.

आता तिसरा आणि अवघड प्रश्न : त्यातून काय झालं?

ताई म्हणाल्या, "दाखले वेळेत दिले." वेळेत म्हणजे किती? नोंदवहीत अर्ज आल्याची आणि दाखला दिल्याची अशा दोन्ही तारखा होत्या. वेगवेगळ्या महिन्यांतल्या वीस नोंदी उघडून आम्ही अंतर मोजलं. १६ दाखले दुसऱ्या कामाच्या दिवशी गेले होते, उरलेल्या चारांना मुख्याध्यापक बाहेरगावी असल्याने तीन-चार दिवस लागले होते. म्हणून 'सर्व दाखले २४ तासांत' असं न लिहिता 'बहुतेक दाखले दुसऱ्या कामाच्या दिवशी' असं लिहिलं. वीस नोंदी हा नमुना लहान आहे, त्यातून टक्केवारी काढायची नाही. 'बहुतेक' हा शब्द मात्र त्यावर खरा उभा राहतो.

दुसरी गोष्ट त्या बोलता बोलता सांगून गेल्या, आणि तीच सगळ्यात मोलाची निघाली. दहावीचे बोर्डाचे ऑनलाइन अर्ज त्याच भरतात, दरवर्षी सुमारे ११० मुलांचे. एका वर्षी निकालानंतर सात पालक गुणपत्रिकेतल्या चुका दुरुस्त करायला आले. कुठे आईचं नाव चुकलं होतं, कुठे आडनावातला एक ऱ्हस्व-दीर्घ. ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांना ठाऊक आहे, एका अक्षरासाठी किती खेटे घालावे लागतात. पुढच्या वर्षी ताईंनी एक साधं पत्रक केलं. जनरल रजिस्टरमधलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि त्यांचं इंग्रजी स्पेलिंग त्यावर छापून ते मुलासोबत घरी पाठवायचं, पालकांनी तपासून सही करायची आणि मगच अर्ज भरायचा. बोर्डाकडून तपासणीसाठी प्री-लिस्ट येते ती वेगळी; ही तपासणी त्याच्याही आधीची. पुढच्या दोन वर्षांत मिळून दुरुस्तीची तीनच प्रकरणं आली.

मी म्हटलं, "ताई, हे बायोडाटात का नाही?" त्या म्हणाल्या, "ते काय, एक कागद तर काढला."

शेवटी ओळी अशा झाल्या :

*६४० विद्यार्थ्यांच्या शाळेत दोन लिपिकांपैकी एक. प्रवेश, दाखले व विद्यार्थी-नोंदींची जबाबदारी माझ्याकडे (६ वर्षे).*

*दरवर्षी सुमारे ३५० बोनाफाईड व १४० शाळा सोडल्याचे दाखले तयार केले. बहुतेक दाखले अर्जानंतर दुसऱ्या कामाच्या दिवशी दिले.*

*दरवर्षी सुमारे ११० विद्यार्थ्यांचे दहावीचे ऑनलाइन अर्ज भरले. अर्जापूर्वी पालकांच्या सहीने नाव-जन्मतारीख तपासण्याची पद्धत वर्गशिक्षकांच्या मदतीने सुरू केली. गुणपत्रिका-दुरुस्तीची प्रकरणे एका वर्षी ७ होती, पुढील दोन वर्षांत मिळून ३ झाली.*

'वर्गशिक्षकांच्या मदतीने' हे दोन शब्दांचं नसतं ओझं नाही. पत्रकं गोळा करायचं काम वर्गशिक्षकांनीच केलं होतं. ते खरं आहे म्हणून लिहायचं, आणि चार लोकांकडून काम करून घेता येतं हेही त्यातून कळतं. शिवाय आम्ही 'चुका निम्म्याहून कमी केल्या' असं काही लिहिलं नाही. सात आणि तीन इतके लहान आकडे असताना टक्केवारी लावली की ती मोठी दिसते, पण मुलाखतीत "म्हणजे नेमक्या किती?" असं विचारलं की उतरते. छोटे आकडे जसेच्या तसे लिहावेत.

दुसरा बायोडाटा : माणूस एकच, मग पसारा कसा सांगायचा?

त्या माउलींची गोष्ट वेगळी होती. इथे ना नोंदवही, ना अनुक्रमांक, आणि सांभाळायचं माणूस एकच. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि दवाखान्यातून घरी आणल्या त्या अंथरुणावरच.

काळजीवाहकाच्या कामात पसारा माणसांच्या संख्येवर ठरत नाही. ते माणूस किती गोष्टींसाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे, यावर ठरतो. अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये यासाठी सहा रोजच्या गोष्टींची एक सूची मांडली : अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं यासारखी हालचाल, मलमूत्रावर ताबा आणि जेवणं. वृद्धांची काळजी घेणारे लोक आजही ती वापरतात. मी एकेक गोष्ट विचारत गेलो. सुरुवातीला सहाही गोष्टींना पूर्ण मदत लागत होती. म्हणजे 'एका पूर्ण परावलंबी ज्येष्ठ रुग्णाची काळजी' हा झाला पसारा, आणि वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाला तो एका ओळीत समजतो.

'किती वेळा' याचं उत्तर त्यांच्या भिंतीवर होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी त्यांनी औषधांच्या खुणा केल्या होत्या, साखर तपासल्याचे आकडे लिहिले होते, डॉक्टर घरी येऊन गेल्याच्या तारखा होत्या. औषधं दिवसातून चार वेळा. आठवड्यातून दोनदा साखर. कूस बदलणं दर दोन तासांनी.

मी विचारलं, "रात्रीसुद्धा दर दोन तासांनी?" त्या जरा ओशाळल्या. "नाही हो. रात्री अकराला, मग तीनला मी उठायचे. सहाला हे बघायचे." मग आम्ही तसंच लिहिलं : दिवसा दर दोन तासांनी, रात्री ठरलेल्या वेळी. 'दिवसातून बारा वेळा' हा सोपा गुणाकार झाला असता, पण ज्याने कुणाची सेवा केली आहे त्याला माहीत असतं की एकटं माणूस वर्षानुवर्षं असं उठू शकत नाही.

मग तिसरा प्रश्न आला आणि त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सर, शेवटी त्या गेल्याच की. मग काय झालं म्हणून लिहू?"

हा प्रश्न मला आजही आठवतो. सेवेच्या कामात रुग्ण बरा होणं हा निकाल नेहमी मिळतोच असं नाही. वय, आजार, नशीब यातलं काही काळजी घेणाऱ्याच्या हातात नसतं. म्हणून निकाल शोधायचा तो जे हातात होतं त्यात. मी विचारलं, "दवाखान्यातून आणलं तेव्हा पाठीला काही झालं होतं का?" "हो, माकडहाडाजवळ कातडी लाल होऊन सोलवटली होती. नर्सबाईंनी दाखवलं, कशी साफ करायची ते. महिन्याभरात भरून आली." "नंतर पुन्हा?" "नाही. एकदाही नाही."

अंथरुणावरच्या रुग्णाला एकाच जागी दाब पडून जखमा होतात, आपण ज्यांना बेडसोअर म्हणतो, आणि एकदा झाल्या की त्या भरायला फार जड जातात. साडेतीन वर्षं अंथरुणावर असलेल्या, साखर असलेल्या बाईंना एकही नवी जखम होऊ न देणं हा फार मोठा निकाल आहे. तो 'न झालेल्या' गोष्टीचा निकाल असल्यामुळे त्यांना तो दिसलाच नव्हता. दुसरं म्हणजे, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज करून घेतल्यावर वर्षभरात सासूबाई आधाराने खुर्चीत बसू लागल्या आणि डाव्या हाताने जेवू लागल्या. म्हणजे सहापैकी जेवण ही एक गोष्ट त्यांना स्वतःला करता येऊ लागली.

ओळी अशा झाल्या :

*कौटुंबिक काळजीवाहक, साडेतीन वर्षे : अर्धांगवायूमुळे पूर्ण परावलंबी झालेल्या ज्येष्ठ रुग्णाची घरी काळजी.*

*दिवसा दर दोन तासांनी व रात्री ठरलेल्या वेळी कूस बदलणे; दिवसातून ४ वेळा औषधे; आठवड्यातून २ वेळा साखर तपासून नोंद.*

*दवाखान्यातून आणताना असलेली पाठीची जखम नर्सच्या मार्गदर्शनाखाली भरून आणली. त्यानंतर संपूर्ण काळात नवी जखम झाली नाही.*

*फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज करून घेतले. वर्षभरात रुग्ण आधाराने खुर्चीत बसू लागला व स्वतःच्या हाताने जेवू लागला.*

यात सासूबाईंचं नाव नाही, त्यांच्या आजाराचे इतर तपशील नाहीत. शौच-लघवीचा वेगळा उल्लेखही नाही. 'पूर्ण परावलंबी' यात तो आलाच. गेलेल्या माणसाचा मान बायोडाटातही राखायचा असतो. दुसरं पथ्य असं की 'जखम बरी केली' न लिहिता 'नर्सच्या मार्गदर्शनाखाली' असं लिहिलं, कारण या माउलींनी नर्सिंगचं शिक्षण घेतलेलं नाही. तसा भास होईल असा शब्द वापरला, तर उद्या झेपणार नाही असं काम गळ्यात पडतं आणि धोका रुग्णाला होतो.

आणि हो, या चार ओळींमुळे 'गृहिणी' हा शब्द काही खाली गेला नाही. त्या शब्दात दडलेलं काम फक्त वर आलं.

हे कुठे फसतं?

एकाच ठिकाणी : मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला. पहिला प्रश्न असतो, "तुम्ही हे केलंत?" दुसरा असतो, "हे तुम्हाला कसं कळलं?" बायोडाटातल्या प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलने त्याचा उगम लिहून पाहा : नोंदवही, कॅलेंडर, रेघांचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी. ज्या आकड्यापुढे काहीच लिहिता येत नाही, तो काढून टाका. अंदाज असेल तर 'सुमारे' लिहा, आणि अंदाज कशावरून केला ते सांगायची तयारी ठेवा. काही कामांचा तिसरा प्रश्न सुटतच नाही. तिथे 'किती' आणि 'किती वेळा' एवढ्यावर थांबावं. ओढूनताणून आणलेला निकाल बाकीच्या खऱ्या ओळींवरही संशय आणतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

नववी-दहावीच्या मुलांना घरातल्या एका माणसाची मुलाखत घ्यायला सांगा. मात्र ज्याच्या पगारपत्रकावर त्याचं काम दिसत नाही, असंच माणूस निवडायचं : आजी, आई, शेजारच्या अंगणवाडीतल्या मदतनीस काकू, शाळेतले शिपाईमामा. मुलांनी तीनच प्रश्न विचारायचे, आणि प्रत्येक उत्तरापुढे 'हे कसं कळलं?' हा रकाना भरायचा. मग त्या माणसासाठी तीन ओळी लिहायच्या. वर्गात त्या नाव झाकून वाचायच्या आणि बाकीच्यांनी सांगायचं, ही ओळ दुसऱ्या कुणाची असू शकते का.

मी हा उपक्रम घेतला, तेव्हा एका मुलाने शिपाईमामांबद्दल लिहिलं होतं : 'रोज सकाळी साडेसहाला १४ वर्गखोल्या उघडतात.' दुसरा मुलगा लगेच म्हणाला, "सर, यात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही." पहिल्याने डोकं खाजवलं आणि शेवटी ओळीत भर घातली : 'यावर्षी एकदाही पहिला तास वर्गाबाहेर उभं राहून गेला नाही.' मी विचारलं, "हे कसं कळलं?" तो म्हणाला, "सर, मी वर्गाचा मॉनिटर आहे. हजेरी मीच आणतो."

उगमाचा रकाना भरला होता. मी त्याला पूर्ण गुण दिले.